थप्पी लागते मार्चमध्ये, भुंगा दिसतो जुलैत

मार्चमध्ये हरभऱ्याची आवक वाढते आणि बाजार नेमका तेव्हाच खाली असतो. म्हणून मराठवाड्यातल्या अनेक शेतकरी उत्पादक कंपन्या माल लगेच न विकता गोदामात ठेवतात आणि दसरा-दिवाळीच्या मागणीची वाट पाहतात. हिशेब बरोबर आहे. राज्य कृषी पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत बाजार समितीकडे ठेवलेल्या मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम ६ टक्के व्याजाने १८० दिवसांसाठी मिळते, त्यामुळे शेतकऱ्याचा हातही अडत नाही. पण मार्चचे १८० दिवस सप्टेंबरात संपतात. म्हणजे तारणात ठेवा किंवा स्वतःच्या गोदामात, माल अख्खा पावसाळा काढणार आणि हवेत सगळ्यात जास्त ओलावा असताना किंवा त्यानंतर लगेच बाहेर पडणार.

हा पावसाळा हरभरा कसा काढेल, हे जून उजाडण्याच्या आतच ठरलेले असते. जुलैत भुंगा दिसला की धावपळ सुरू होते, फवारणी होते, कुणी तरी गोळ्या आणतो. तोपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून इथे आपण एकच थप्पी घेऊ: १०० टन हरभरा, ५० किलोचे २००० कट्टे. ती लावण्यापासून विकेपर्यंत काय पाहायचे ते क्रमाने बघू.

ओलाव्यापासून सुरुवात करू. हरभरा सहा-आठ महिने ठेवायचा असेल तर दाण्यात ९ ते १० टक्क्यांपेक्षा जास्त पाणी नको. मराठवाड्यात मार्चचे ऊन आणि कोरडी हवा असताना हे अवघड नाही. मळणीनंतर दोन-तीन दिवस ताडपत्रीवर पातळ पसरलेला माल या पातळीला येतो. अडचण असते ती पहाटे हार्वेस्टरने काढून त्याच दिवशी ट्रॉलीत आलेल्या मालाची, आणि हिरव्या घाट्यांसकट मळलेल्या मालाची.

इथे बहुतेक गोदामांत एक गोष्ट चुकते. ट्रॉलीतल्या चार ठिकाणचे दाणे एकत्र करून मीटरमध्ये टाकतात आणि सरासरी वहीत लिहितात. आपल्या २००० कट्ट्यांपैकी १९०० कट्टे साडेनऊ टक्क्यांचे आणि १०० कट्टे १४ टक्क्यांचे असतील, तर सगळ्यांची सरासरी येते ९.७ टक्के. वही म्हणते माल उत्तम आहे. पण ते १०० कट्टे थप्पीच्या पोटात गेले की बुरशी तिथूनच सुरू होते, आणि गरम झालेल्या त्या जागेतून निघालेला ओलावा शेजारच्या सुक्या कट्ट्यांत शिरतो. तेव्हा सरासरी विसरा आणि प्रत्येक शेतकऱ्याच्या मालाचा सगळ्यात ओला कट्टा शोधा. नळी प्रत्येक कट्ट्यात खुपसणे जमत नसेल तर दर दहातल्या एकात तरी खुपसा, आणि एक जरी कट्टा ११ च्या वर निघाला तर तो सगळा लॉट बाजूला काढून उन्हात घाला.

मीटर नसेल तर बाटलीत कोरडे मीठ आणि दाणे घालून हलवायची जुनी रीत आहे. मीठ काचेला चिकटले तर दाणा ओला. पण ही चाचणी साधारण १५ टक्क्यांच्या आसपासचाच ओलावा पकडते. १२ टक्क्यांचा हरभरा तिच्यातून बिनबोभाट सुटतो. तिच्यावर विसंबू नका, बाजार समितीतल्या किंवा कृषी विज्ञान केंद्रातल्या मीटरशी आपले मीटर हंगामाच्या सुरुवातीला एकदा ताडून घ्या.

ओलाव्याचा पैशाशी असलेला हिशेब सभासदांना आधीच समजावून सांगितलेला बरा. १०० टन हरभरा १२ टक्क्यांचा आला आणि तुम्ही तो १० वर सुकवला, तर काट्यावर तो ९७.८ टन भरतो. सव्वादोन टन, म्हणजे ४४ कट्टे, कुणी चोरले नाहीत, ते पाणी उडून गेले. उलटही होते. १० टक्क्यांचा माल ऑगस्टमध्ये हवेतले पाणी ओढून १२ वर गेला की वजन सव्वादोन टनांनी वाढते आणि गोदामपाल खूश होतो. त्या खुशीत अर्थ नाही, कारण खरेदीदार मीटर लावून तेवढी कपात करतो आणि दरम्यान भुंग्याला हवी तशी जागा मिळालेली असते. घटीची नोंद ठेवताना वजनाशेजारी ओलाव्याचा आकडा लिहिला नसेल, तर ती नोंद वाचून काहीच कळत नाही.

आता थप्पी. बरेच जण थप्पीकडे जागा वाचवायच्या नजरेने पाहतात. खरे तर थप्पीचा आराखडा ताडपत्रीवरून ठरतो. धुरीची वेळ आली तर प्लास्टिकची ताडपत्री थप्पीवरून टाकून चारी बाजूंनी जमिनीवर किमान अर्धा मीटर पसरावी लागते आणि तिच्या कडेवर वाळू भरलेल्या लांब पिशव्या ठेवाव्या लागतात. भिंतीला चिकटून लावलेल्या थप्पीला हे करता येत नाही. मग गॅस निसटतो आणि कीड जगते. शिवाय त्या बाजूला माणूस जाऊ शकत नाही, म्हणजे तिथे काय चालले आहे ते कुणालाच कळत नाही.

आपली १०० टनांची थप्पी ९ मीटर लांब आणि ६ मीटर रुंद धरा. या जागेत एका थरात साधारण १२५ कट्टे बसतात, म्हणजे १६ थरांत २००० कट्टे झाले. उंची अडीच मीटरच्या थोडी वर जाते. चारी बाजूंना भिंतीपासून पाऊण मीटर, दोन थप्प्यांमध्ये एक मीटर आणि दरवाजासमोर हातगाडी फिरेल इतका रस्ता सोडा. थप्पीचा माथा आणि छत यांत किमान मीटरभर अंतर हवे. अशा थप्पीला ताडपत्री लागते साधारण १५.५ मीटर लांब आणि १२.५ मीटर रुंद. लांबीचे ९ मीटर, दोन्हीकडच्या उंचीचे साडेपाच आणि दोन्हीकडे जमिनीवर पसरायचा अर्धा-अर्धा मीटर, असा तो हिशेब. रुंदीलाही तसाच. थप्पी कुठली आणि किती मोठी हे ठरवण्यापूर्वी तुमच्याकडे असलेल्या ताडपत्रीचे माप घ्या.

प्रत्येक थरात कट्ट्यांची संख्या सारखी ठेवली की मोजणी दोन मिनिटांत होते. एक थर उभा, त्यावरचा आडवा, अशी गुंफण केली की थप्पी कलत नाही. कट्ट्याची तोंडे आतल्या बाजूला ठेवा. शिवण सुटली तरी दाणे गल्लीत सांडत नाहीत, आणि सांडलेला दाणा म्हणजे उंदराला आमंत्रण. प्लास्टिकच्या विणलेल्या पोत्यांची थप्पी गोणपाटाच्या थप्पीपेक्षा जास्त घसरते, त्यामुळे तिची उंची आणखी दोन-तीन थरांनी कमी ठेवा आणि त्या प्रमाणात जागा जास्त धरा.

खाली काय टाकायचे, हा प्रश्न काळ्या मातीत बांधलेल्या गोदामांना जास्त सतावतो. काळी माती पाणी धरून ठेवते. जोते कमी उंचीचे असेल तर जुलैत फरशीतून ओल वर चढते. फरशीवर पॉलिथिनचा जाड कागद पसरा आणि त्यावर लाकडी क्रेट ठेवा. नुसता कागद असला की त्याच्यावर पाणी साठून खालचा थर भिजतो, आणि नुसते क्रेट असले की ओल फळ्यांमधून वर येते. फरशी खरेच ओल धरते का, हे मेमध्ये कळत नाही. गेल्या पावसाळ्यात भिंतींच्या पायथ्याला पांढरे क्षार फुटले होते का ते पाहा. फुटले असतील तर त्या भिंतीजवळ थप्पी लावूच नका.

किडीकडे वळण्याआधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. हरभऱ्याचा भुंगा गोदामात जन्मतोच असे नाही, तो शेतातूनही येतो. मादी वाळत आलेल्या घाट्यांवर अंडी घालते, गोदामात पोहोचल्यावर थेट दाण्याच्या सालावर चिकटवते. अंड्यातून निघालेली अळी सरळ दाण्यात शिरते आणि आतच वाढते. बाहेरून दाणा ठणठणीत दिसतो. एका मादीची अंडी ८० च्या आसपास असतात, आणि ३० अंशांच्या उबेत, दमट हवेत महिन्याभरात पुढची पिढी बाहेर पडते. त्यातल्या निम्म्या माद्या धरल्या तर एप्रिलच्या एका मादीच्या मेमध्ये ४०, जूनमध्ये १६०० आणि जुलैत ६४ हजार होतात. प्रत्यक्षात एवढ्या जगत नाहीत, पण जुलैत एकदम ‘भुंगा आला’ असे का वाटते ते यावरून कळेल. तो एप्रिलपासून होता.

या किडीचे प्रौढ भुंगे दाणे खात नाहीत आणि जेमतेम आठवडा-दहा दिवस जगतात. म्हणून कट्ट्यावर फिरणारे भुंगे मारून काहीच साधत नाही. नुकसान करणारी अळी दाण्यात बंद असते, आणि तिथे फवारणी पोहोचत नाही. फवारणीचा उपयोग भिंती, फरशी, क्रेट आणि रिकाम्या गोदामापुरताच आहे. थप्पी लावण्यापूर्वी गोदाम झाडून, फटी बुजवून, मातेरे जाळून डेल्टामेथ्रीन २.५ टक्के पाण्यात मिसळणारी भुकटी एक लिटर पाण्यात ४० ग्रॅम या प्रमाणात घ्या आणि १०० चौरस मीटरला ३ लिटर द्रावण मारा. दर तीन महिन्यांनी ती पुन्हा मारावी लागते. धान्यावर कधीही मारू नका. जुन्या पुस्तिकांत डायक्लोरव्हॉसची शिफारस आढळेल, काही दुकानदारही ते सुचवतील. त्याच्या वापरावर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी आहे.

जुना बारदाना हा किडीचा दुसरा दरवाजा. गेल्या वर्षीच्या तुरीचे रिकामे कट्टे कोपऱ्यात गठ्ठ्याने पडलेले असतात आणि त्यांच्या शिवणीत भुंगे बसलेले असतात. नव्या हरभऱ्याला असे कट्टे वापरायचे असतील तर ते उलटे करून झटका आणि कडक उन्हात घाला, नाहीतर पुढे सांगितलेल्या धुरीत थप्पीसोबत ताडपत्रीखाली ठेवा.

दाण्यात लपलेली कीड आधीच शोधायची साधी युक्ती आहे. आवक होताना प्रत्येक लॉटमधले किलोभर दाणे काचेच्या बरणीत घाला, तोंडाला बारीक कापड बांधा आणि नाव-तारीख लिहून गोदामाच्या कार्यालयात ठेवा. तीन ते पाच आठवड्यांत बरणीत भुंगे निघाले तर तो लॉट शेतातूनच बाधित आला होता. ही बरणी पुढे सभासदाशी होणारा वादही मिटवते. नेहमीच्या तपासणीत दाण्यावर चिकटलेले पांढरे ठिपके पाहा. ती अंडी. दाण्याच्या सालावर पारदर्शक गोल चकती दिसली तर आतला भुंगा बाहेर पडायच्या तयारीत आहे. गोल छिद्र म्हणजे तो निघून गेला.

दाण्यातल्या अळीपर्यंत पोहोचतो तो फॉस्फिन वायू. तो अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांतून निघतो. ३ ग्रॅमची एक गोळी एक ग्रॅम वायू देते आणि ताडपत्रीखालच्या धान्याला टनाला ३ गोळ्या, म्हणजे आपल्या थप्पीला ३०० गोळ्या लागतात. पण त्या तुम्ही विकत आणून ठेवायच्या नाहीत. कायद्याने हे औषध सरकारी यंत्रणा आणि परवानाधारक कीड नियंत्रण व्यावसायिक यांच्यापुरतेच आणि तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच वापरता येते. हवेतल्या वाफेनेही या गोळ्यांतून विषारी वायू सुटतो, आणि पाणी पडले तर पेट घेतात. घरी कणगीत किंवा झोपायच्या खोलीतल्या कोठीत गोळी टाकणारी माणसे अजून आहेत. त्यात कुटुंबेच्या कुटुंबे दगावली आहेत.

तरीही व्यावसायिकाने काम नीट केले का, हे तपासणे तुमचे काम. ताडपत्री उन्हाकडे धरून पाहा, एकही छिद्र दिसता कामा नये. कडेवरच्या वाळूच्या पिशव्या एकमेकींवर चढलेल्या हव्यात, आणि फरशीला भेगा असतील तर त्या आधी भरलेल्या हव्यात. सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे सात दिवस. ‘तिसऱ्या दिवशी उघडले तरी चालते, भुंगे मेले’ असे सांगणारा माणूस दिसेल. भुंगे मरतात हे खरेच, पण अंडी आणि कोष वायूला जास्त दाद देत नाहीत. ते वाचतात, पंधरवड्यात पुन्हा भुंगे निघतात. अशा अर्धवट धुरीतून वाचलेल्या किडीची पिढी गॅसला सरावते. भारतात तांबड्या भुंगेऱ्यात आणि दाणे पोखरणाऱ्या छोट्या भुंग्यात ही प्रतिकारशक्ती नोंदवली गेली आहे. सात दिवस ताडपत्री न हलवता ठेवा, मग दरवाजे-खिडक्या उघडून एक दिवस वारा खेळू द्या. गॅस मोजायच्या यंत्रात हवेतले प्रमाण ०.३ पीपीएमच्या खाली आले, तरच हमाल आत सोडा. हे यंत्र नसलेला व्यावसायिक बोलवू नका.

एकाच गोदामात दोन थप्प्या असतील तर दोन्हींना एकाच वेळी धुरी द्या. हा भुंगा उडतो. एकीला दिली आणि दुसरी तशीच राहिली तर पहिलीतला रिकामा झालेला संसार दुसरीतून पुन्हा भरतो. कधी द्यायची? माझ्या मते आवक पूर्ण होऊन थप्पी लागली की लगेच, मार्चअखेर किंवा एप्रिलमध्ये, कीड दिसो न दिसो. कारण वर सांगितले ते: हरभऱ्यात ती आधीच दाण्यात असते. दुसरी धुरी मात्र तपासणीवर ठरवा.

धुरीनंतर बहुतेक जण ताडपत्री काढून टाकतात. माल १० टक्क्यांच्या आत सुकलेला असेल तर मी ती वारा देऊन झाल्यावर पुन्हा घालायला सांगेन, खाली जमिनीवर पॉलिथिनचा कागद असेल तरच. बाहेरून ओलावा येत नाही, आणि नवा भुंगाही येत नाही. पण माल १२ टक्क्यांचा असेल तर हीच ताडपत्री घात करते. दाण्यातून निघालेली वाफ रात्री थंड प्लास्टिकला चिकटते, थेंब होऊन वरच्या थरावर पडते आणि माथ्याचे कट्टे सडतात. म्हणजे मार्चमध्ये सुकवलेला एक-दोन टक्का इथे कामाला येतो.

पावसाळ्यात खिडक्या कधी उघडायच्या, यावर गोदामागणिक मते असतात. ऊन पडले की उघडा, हा सर्रास दिला जाणारा सल्ला मला पटत नाही. ऑगस्टमध्ये सकाळी २४ अंश तापमान आणि ९२ टक्के आर्द्रता असते, दुपारी ऊन पडून ३१ अंश आणि ६० टक्के होते. आकडा उतरला म्हणून हवा कोरडी झाली असे वाटते. पण दोन्ही वेळी हवेत पाणी जवळपास तेवढेच असते. दुपारची ती हवा २७ अंशांच्या थप्पीत शिरून थंड झाली की तिची आर्द्रता ७६ टक्क्यांवर जाते, आणि ६५ ते ७० टक्क्यांच्या पुढे दाण्यावर बुरशी वाढू लागते. म्हणून आत-बाहेर एक-एक तापमापक आणि आर्द्रतामापक लावा आणि बाहेरचे दोन्ही आकडे आतल्यापेक्षा कमी असतील तेव्हाच उघडा. जुलै-ऑगस्टमध्ये असे क्वचित होईल. तेव्हा बंद ठेवा. खरा वारा द्यायचे दिवस पावसाच्या उघडिपीत आणि ऑक्टोबरमध्ये येतात.

पाऊस सुरू झाल्यापासून दर पंधरा दिवसांनी तपासणी करा. ताडपत्री घातलेली असेल तर एका बाजूने थोडी उचला. कट्टा निवडताना वरचा थर, खालचा थर आणि चारी कोपरे घ्या, कारण ओल आणि कीड आधी तिथेच दिसते. गळक्या पत्र्याखालचा कट्टा वेगळा तपासा. थप्पीच्या मध्यापर्यंत लोखंडी गज खुपसून अर्धा तास ठेवा आणि लगेच हाताने धरून पाहा. शेजारच्या जागेपेक्षा तो एखाद्या ठिकाणी गरम लागला तर आत काहीतरी वाढते आहे. मग त्या जागेचे कट्टे काढा आणि तेवढेच वेगळे सुकवा, सगळी थप्पी मोडायची गरज पडत नाही. कुबट वास आला आणि गज थंड लागला, तर बहुधा खालच्या क्रेटखाली पाणी आहे.

उंदरांबद्दल जास्त लिहायला नको. दरवाजाच्या खालची फट पाव इंचापेक्षा मोठी ठेवू नका, खिडक्यांना जाळी लावा, गल्लीतले दाणे रोज झाडा. नुसती विषारी गोळी ठेवून आणि दरवाजा उघडा ठेवून उंदीर कमी होत नाहीत.

विक्रीच्या वेळी ओलाव्याची नोंद काढून बसा. मार्चमध्ये प्रत्येक लॉटचा आकडा, जूनपासून दर पंधरवड्याचा आकडा, धुरीची तारीख आणि बरणीचा निकाल, एवढे कागदावर असेल तर दाळ मिलचा माणूस कपातीबद्दल बोलताना तुमच्या हातातही काही असते. अशी नोंद नसलेला चांगला मालही तो संशयाने पाहतो, आणि त्या संशयाचा भाव शेतकऱ्याला पडतो. पुढच्या हंगामाची तयारी फेब्रुवारीत करा: रिकाम्या फरशीवर खडूने थप्प्यांच्या सीमा आणि गल्ल्या आखा, ताडपत्रीचे माप त्या आखणीवर टाकून पाहा आणि मगच पहिली ट्रॉली आत घ्या.